कॉफी खवट लागतेय? बियांना दोष देण्याआधी फ्रेंच प्रेसची जाळी उघडून बघा

तीच कॉफी, तेच माप, तेच पाणी. तरी दोन-तीन महिन्यांनी घरच्या फ्रेंच प्रेसमधली कॉफी वेगळी लागायला लागते. आंबट किंवा कडू म्हणावी अशी नाही, पण प्यायल्यावर घशाच्या मागे जुन्या खोबऱ्यासारखं काहीतरी रेंगाळतं. मग आपण म्हणतो, यावेळी पाकीट जुनं आलं असावं. पुढचं पाकीट दुसऱ्या ठिकाणाहून मागवतो, आणि त्यालाही तीच चव येते.

आमच्या फ्लॅटवर हेच झालं. दोघांत मिळून एक फ्रेंच प्रेस, रोज सकाळी एकदा आणि सुट्टीच्या दिवशी दोनदा वापर, असे साधारण चार महिने. या काळात आम्ही कॉफी दोनदा बदलली. चूक मात्र कॉफीची नव्हतीच. प्रेस रोज धुतला जायचा, पण त्याची जाळी कुणी एकदाही उघडली नव्हती.

या लेखात तेच बघू. कॉफीचं तेल भांड्यात कुठे अडकतं, ते खवट का होतं, आपल्या भांड्यात ते साठलंय हे कसं ओळखायचं आणि ते नेमकं कशाने निघतं.

कॉफीत तेल असतं?

असतं, आणि बऱ्यापैकी असतं. अरेबिका जातीच्या कोरड्या बीच्या वजनात साधारण 15 टक्के तेल असतं, रोबस्टात साधारण 10 टक्के. गडद भाजलेल्या बिया तेलकट चमकतात, ते हेच तेल. भाजताना बीची रचना फुटते आणि आतलं तेल पृष्ठभागावर येतं.

आपल्यापैकी बहुतेकांना हे माहीत नसतं, कारण आपण लहानपणापासून इन्स्टंट कॉफी पीत आलोय. ती बनवताना कॉफीचा अर्क पाण्यात काढून तो वाळवतात. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते जवळपास सगळं कारखान्यात चोथ्याबरोबरच मागे राहतं. इन्स्टंट कॉफीचा मग नुसत्या पाण्याने विसळला तरी चालून जायचं ते त्यामुळे. घरात दळलेली कॉफी आली, की ती सवय उपयोगाची राहत नाही.

किती तेल कपात येणार हे गाळणीवर ठरतं. 1908 साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून कॉफी गाळली आणि कागदी फिल्टरचं पेटंट घेतलं. कागद चोथा अडवतो आणि बहुतेक तेलही शोषून घेतो, मग तो कागद आपण टाकून देतो. फ्रेंच प्रेसमध्ये असा कागद नसतो. तिथे स्टीलची जाळी असते आणि तिच्या छिद्रांतून तेल आरामात कपात उतरतं. फ्रेंच प्रेसची कॉफी तोंडात जाडसर, भरल्यासारखी लागते, त्यामागे हे तेल आणि सोबत येणारी बारीक पूड असते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण प्रेस विकत घेतो, तीच गोष्ट त्याच्या जाळीवर चिकटून राहते.

तेल खवट होतं म्हणजे काय होतं?

गॅसच्या मागच्या टाइल्सवर किंवा एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जमणारा पिवळा चिकट थर आठवा. फोडणीचं तेल उडतं, पातळ थरात पसरतं, त्याला हवा आणि उष्णता मिळते, आणि काही आठवड्यांत ते वाहतं तेल न राहता डिंकासारखं होतं. त्या थराला वासही येतो. प्रेसच्या जाळीवर अगदी हेच घडतं.

कॉफीच्या तेलात लिनोलेइक आम्लाचा वाटा मोठा असतो. सूर्यफुलाच्या तेलातही हे असतं. या आम्लाची हवेतल्या ऑक्सिजनशी सहज प्रक्रिया होते. आधी पेरॉक्साइड तयार होतात, मग ते तुटून हेक्झॅनलसारखी लहान, उडून जाणारी संयुगं बनतात. खवट शेंगदाण्याचा किंवा जुन्या खोबऱ्याचा जो वास आपण ओळखतो, तो अशाच संयुगांचा असतो. ही संयुगं अगदी थोडी असली तरी नाकाला कळतात.

दुसरीकडे, तेलाचे काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक, वार्निशसारखा थर तयार होतो. सफाईच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. ताजं तेल साबणाने निघतं. वार्निश झालेलं तेल साध्या साबणाने निघत नाही, कितीही घासलं तरी. आणि त्या थरावर रोज नवीन तेल बसत राहतं. पुढच्या सकाळी उकळतं पाणी ओतलं की थरातला वास सरळ ताज्या कॉफीत उतरतो.

आधी खात्री करा: दोष भांड्याचा की कॉफीचा?

सफाईला लागण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करून बघा. रिकाम्या, धुतलेल्या प्रेसमध्ये साधारण 300 मिली कडकडीत गरम पाणी घ्या, कॉफी घालू नका. जाळी पाण्यात बुडेल इतका दट्टा खाली करा आणि चार मिनिटं थांबा. मग हे पाणी एका काचेच्या ग्लासात ओता. शेजारच्या ग्लासात त्याच किटलीतलं पाणी सरळ घ्या. दोन्ही कोमट झाल्यावर आधी वास घ्या, मग एकेक घोट.

आमच्या प्रेसच्या पाण्याला रंग जेमतेम होता, पण ट्यूबलाइटखाली वरती बारीक चमकते ठिपके दिसत होते. वास मात्र स्पष्ट होता. फ्लॅटमेट म्हणाला, ‘अरे, हे तर माळ्यावरच्या डब्यासारखं येतंय.’ त्याहून चांगलं वर्णन मला सुचलं नाही.

शंका उरली असेल तर दुसरी चाचणी करा. स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात 12 ग्रॅम कॉफी घ्या, 200 मिली गरम पाणी ओता, चार मिनिटांनी चहाच्या स्वच्छ गाळणीने गाळा. त्याच वेळी, त्याच मापाने प्रेसमध्ये कॉफी करा. पातेल्यातली चांगली आणि प्रेसमधली खवट लागली, तर दोष प्रेसचा. दोन्ही खवट लागल्या तर कॉफी जुनी झाली आहे किंवा ती दळायचं यंत्र आणि ठेवायचा डबा तपासायला हवा. त्याबद्दल शेवटी सांगतो.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. दुधाच्या कॉफीत खवटपणा लपतो. दूध आणि साखर घालून पिणाऱ्यांच्या हे फार उशिरा लक्षात येतं, त्यामुळे चाचणी पाण्यानेच करावी.

तेल नेमकं कुठे लपतं

काचेचं भांडं बहुतेक वेळा निर्दोष असतं. काच गुळगुळीत असते, डोळ्यांना दिसते आणि आपण ती धुतो. खरी जागा दट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. तिथे एकावर एक तीन चकत्या असतात. वरची मोठी चकती, जिच्या कडेला बारीक स्प्रिंग गुंडाळलेली असते. मधली विणलेली स्टीलची जाळी. आणि खाली फुलीच्या आकाराची किंवा छिद्रांची पट्टी, जी दांड्याच्या आट्यांवर बसून सगळं एकत्र धरते.

वरून पाणी मारलं की जाळी चकचकीत दिसते. पण जाळी आणि चकती यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तिथे चोथ्याची पूड जाते, तेल धरून बसते आणि कधीच पूर्ण वाळत नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तर टूथब्रशही नीट पोचत नाही.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, की याची जाळी सुटते हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच कधी सांगितलं नाही बाळा, मला वाटलं एकच भांडं आहे.’ बरोबरच होतं. माझ्याकडच्या खोक्यावरच्या चित्रात सुटे भाग दाखवले होते, पण ते खोकं मी पहिल्याच दिवशी फेकलं होतं.

उघडायचं कसं

एका हाताने झाकणाजवळ दांडा धरा, दुसऱ्या हाताने सगळ्यात खालची पट्टी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बहुतेक प्रेसमध्ये एवढ्याने तिन्ही भाग सुटतात. काहींमध्ये खाली छोटा नट असतो, तोच फिरवायचा. सुटण्याआधी बाजूने एक फोटो काढून ठेवा. जाळी उलटी बसली तर पुढच्या वेळी कडेने चोथा वर येतो आणि मग प्रेस खराब झाला असं वाटतं.

आमची पट्टी आधी हललीच नाही. तेलाने आटे चिकटले होते. पक्कड लावायचा मोह झाला, पण त्याने पातळ पट्टी वाकते. त्याऐवजी खालचा भाग साबणाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवला आणि मग फडक्याने धरून फिरवला. सुटला.

आत जे दिसलं ते फोटो काढून कुणाला पाठवावं असं नव्हतं. जाळी वरच्या चकतीला चिकटून बसली होती. दोन्हींच्या मध्ये तपकिरी, मेणासारखा थर. नखाने खरवडला तर वळकटी निघत होती. चार महिने रोज धुतलेल्या भांड्यातली ही अवस्था.

साबण, सोडा आणि त्यांच्यातला फरक

पहिली पायरी साबणाचीच. भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि जुना मऊ टूथब्रश. साबणाच्या रेणूचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यासोबत निघून जातात. इथे लिक्विडच वापरा. भांड्यांच्या वडीतली पांढरी पूड जाळीच्या छिद्रांत अडकते आणि पुढच्या कॉफीत उतरते. तारेची घासणीही नको, तिच्या ओरखड्यांत तेल आणखी घट्ट बसतं आणि जाळीचे धागे तुटतात.

साबणाने आमचा चोथा निघाला, चिकटपणा बराच कमी झाला, पण चकतीवरचा तपकिरी थर तसाच राहिला. हाच तो वार्निश झालेला थर. तो काढायला अल्कली लागते.

किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, इथे कामाचा आहे. त्याच्या गरम द्रावणात तेलाचे रेणू तुटून त्यांचा काही भाग साबणातच बदलतो. साबण कारखान्यात तेल आणि अल्कलीपासून साबण बनतो, त्याच प्रक्रियेचं हे छोटं रूप. आम्ही स्टीलच्या पातेल्यात एक लिटर खूप गरम पाणी घेतलं, उकळतं नाही, त्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवला आणि तिन्ही भाग अर्धा तास बुडवून ठेवले. पाण्याचा रंग काळ्या चहासारखा झाला. मग ब्रशने घासलं, पाणी बदललं, पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या वेळचं पाणी फिकट होतं. हातमोजे घाला, हा सोडा कातडी कोरडी करतो आणि डोळ्यांत गेला तर जळजळ होते.

खायचा सोडा याच्या जागी चालेल का? फारसा नाही. त्याचा सामू 8.3 च्या आसपास, धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा 11 च्या आसपास. आकड्यांत फरक लहान वाटतो, पण सामूची मोजपट्टी दर अंकाला दहा पटींची असते. खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन मगातला डाग घासायला चांगला, कारण तो सौम्य खरखरीत असतो. जाळीच्या आतल्या थराला तो पुरत नाही.

व्हिनेगर तर इथे चुकीचंच औषध आहे. व्हिनेगर आणि लिंबू आम्ल आहेत. ती क्षार काढतात, तेल नाही. आणि इंटरनेटवर सतत दिसणारं ‘सोडा आणि व्हिनेगर एकत्र’ हे मिश्रण फक्त बघायला छान. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरतं ते मुख्यतः सोडियम अॅसिटेटचं पाणी.

बोअरवेलच्या पाण्याची जागा असेल तर आम्लाचं काम नंतर येतं. तिथे जाळीवर पांढरा क्षारही बसतो आणि तेलाचा थर त्यावर असतो. क्रम महत्त्वाचा: आधी सोड्याने तेल काढा, भरपूर पाण्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक अॅसिड घालून पंधरा मिनिटं ठेवा. उलट केलंत तर तेलाखालच्या क्षारापर्यंत आम्ल पोचतच नाही.

स्प्रिंगमधला उरलेला थर

सोड्यानंतर जाळी आणि चकत्या स्वच्छ झाल्या, पण स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तपकिरी रेषा राहिली. त्यासाठी सोडियम परकार्बोनेट मागवलं. ऑनलाइन ते ‘ऑक्सिजन ब्लीच’ या नावानेही मिळतं, आणि कॅफेतली एस्प्रेसो मशीन धुवायच्या अनेक पावडरींत हाच मुख्य घटक असतो. पाण्यात गेल्यावर त्याचे दोन भाग होतात. एक आपला ओळखीचा धुण्याचा सोडा, दुसरा हायड्रोजन पेरॉक्साइड. सोडा तेल तोडतो, पेरॉक्साइड रंगाचे रेणू फोडतं, आणि बारीक बुडबुडे फटींतला मळ सैल करतात.

याला गरम पाणीच हवं, 60 अंशांच्या वर. थंड पाण्यात ते आळसावतं. एक लिटरला एक मोठा चमचा, वीस ते तीस मिनिटं. तयार एस्प्रेसो पावडर असेल तर पाकिटावरचं माप पाळा. उघड्या भांड्यातच करा. द्रावणातून ऑक्सिजन सुटत राहतो, त्यामुळे झाकण घट्ट लावलं तर दाब वाढतो. हे द्रावण साठवूनही ठेवू नका, काही तासांत त्याचा जोर संपतो. आणि कपड्यांचे डाग काढायच्या पावडरी याच्या जागी वापरू नका. त्यांत परकार्बोनेट असलं तरी सोबत सुगंध आणि इतर बरंच काही असतं, आणि ते जाळीत राहिलं तर कॉफीला फुलांचा वास येईल.

क्लोरीनचं ब्लीच मात्र नको. त्याने स्टीलवर बारीक खड्डे पडू शकतात, आणि ते चुकून आम्लात मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वीस मिनिटांनी स्प्रिंग चंदेरी झाली. तीन वेळा साध्या पाण्याने धुतलं, भाग पुसून वेगवेगळे वाळवले, फोटो बघून जोडले आणि पुन्हा तीच गरम पाण्याची चाचणी केली. यावेळी दोन ग्लासांत आम्हाला फरक करता आला नाही. मग ‘बिघडलेल्या’ पाकिटातली उरलेली कॉफी त्यात केली. चांगली होती. जी कॉफी आम्ही आईस्क्रीमवर टाकून संपवत होतो, तीच.

अॅल्युमिनियम आणि पितळ: इथे थांबा

वरची सगळी कृती स्टील आणि काचेसाठी आहे. धुण्याचा सोडा आणि परकार्बोनेट दोन्ही अॅल्युमिनियमवर हल्ला करतात. पृष्ठभाग काळा पडतो आणि धातू झिजतो. अनेक मोका पॉट अॅल्युमिनियमचे असतात, वजनाला हलके आणि करड्या रंगाचे. त्यांना गरम पाणी, लिक्विड साबण आणि मऊ ब्रश एवढंच. पितळी फिल्टरही या द्रावणांत काळवंडू शकतो, त्यालाही साबणच बरा.

जाळीचे आणि कापडी फिल्टर

कागदाऐवजी वापरायचा स्टीलचा शंकूच्या आकाराचा फिल्टर असेल, तर तो धुतल्यावर खिडकीकडे धरून बघा. सगळीकडून सारखा उजेड आला पाहिजे. जिथे काळसर पट्टे दिसतात तिथे छिद्रं तेल आणि बारीक पुडीने बुजली आहेत. दुसरी खूण म्हणजे पाणी उतरायला लागणारा वेळ. पूर्वी तीन मिनिटांत उतरणारं पाणी त्याच दळणाला पाच मिनिटं घेऊ लागलं, तर कॉफी खवट लागण्याआधीच ती कडवट व्हायला लागते. इलाज तोच, गरम सोडा किंवा परकार्बोनेट. ब्रश मात्र बाहेरून आत फिरवा, म्हणजे अडकलेली पूड ज्या बाजूने शिरली तिकडेच परत निघते.

साऊथ इंडियन फिल्टरच्या वरच्या भांड्याची छिद्रं बुजली की ते गॅसच्या आचेवर धरून अडकलेला चोथा जाळायची जुनी पद्धत बऱ्याच घरांत आहे. स्टीलच्या भांड्यात छिद्रं मोकळी होतात हे खरं, पण पातळ तळ निळसर-तपकिरी होतो आणि वाकूही शकतो. शिवाय बाजूच्या भिंतीवरचं तेल तसंच राहतं. सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवून टाचणीने छिद्रं मोकळी करणं जास्त शहाणपणाचं.

कापडी फिल्टरची गोष्ट वेगळी आहे. कापडाला साबणाचा वास बसतो आणि निघत नाही, त्यामुळे तो वापरल्यावर लगेच गरम पाण्याने धुवून पिळतात, अधूनमधून साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळतात आणि मधल्या काळात पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात. वाळू न देण्याचं कारण वर आलंच आहे. पातळ थरातलं तेल, हवा आणि वेळ. उकळूनही वास येत असेल तर कापड बदला, ते वाचवण्यात अर्थ नाही.

आणि मग?

चिनी मातीच्या मगातला तपकिरी डाग आणि खवट वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाग मुख्यतः भाजण्यात तयार झालेल्या तपकिरी रंगद्रव्यांचा असतो आणि तो एकटा चव बिघडवत नाही. नीट झिलई असलेल्या मगात तेल आत शिरत नाही, साबणाने निघून जातं. झिलईला केसासारख्या भेगा पडल्या असतील तर मात्र त्यांत तेल मुरतं. असा मग गरम परकार्बोनेटमध्ये एकदा ठेवून बघा, तरी वास राहिला तर पेनं ठेवायला वापरा.

त्रास देतो तो झाकणाचा स्टीलचा ट्रॅव्हल मग. आतली भिंत पटकन साफ होते. पण झाकणाच्या आतलं सिलिकॉनचं वेटोळं तेल आणि वास दोन्ही शोषतं. टूथपिकच्या बोथट टोकाने ते बाहेर काढा आणि खालच्या खाचेत काय आहे ते बघा. वेटोळं गरम परकार्बोनेटमध्ये अर्धा तास ठेवा, धुवा, रात्रभर उघड्यावर वाळवा. मगात दूध घालून कॉफी नेत असाल तर आधी गार पाण्याने विसळायची सवय लावा. उकळत्या पाण्याने दुधातली प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात आणि मग तेलाच्या वासाबरोबर दुधाचाही येतो. मग बंद करून ठेवू नका, झाकण वेगळं राहू द्या.

रोज किती करायचं?

फार नाही. प्रेसमध्ये तळाला चोथा उरला की थोडं पाणी घालून हलवा आणि चहाच्या गाळणीत ओता, म्हणजे चोथा सिंकच्या पाइपात जात नाही. मग अर्धं भांडं गरम पाणी, लिक्विडचे दोन थेंब आणि दट्टा आठ-दहा वेळा वर-खाली. साबणाचं पाणी जाळीतून जोरात ये-जा करतं आणि ताजं तेल वार्निश व्हायच्या आतच निघतं. दोनदा विसळून दट्टा बाहेर काढून वाळत ठेवा. दट्टा ओल्या भांड्यात घालून ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय आहे, आमचीही तीच होती.

आठवड्यातून एकदा तिन्ही भाग सोडवून साबणाने धुवा, दोन मिनिटांचं काम आहे. एवढं केलं तर सोड्याची पाळी महिन्यातून एकदाच येते, आणि तेव्हाही पाणी फक्त फिकट पिवळं होतं. गडद भाजलेली, चमकती कॉफी वापरत असाल तर ती थोडी आधी येईल.

जाळीच्या कडेचे धागे सुटले, किंवा ती काचेला सगळीकडून टेकत नसेल, तर सफाईने फरक पडणार नाही. जाळी सुटी विकत मिळते. घेण्याआधी जुन्या चकतीचा व्यास मोजा. काचेला टवका गेला असेल तर उकळतं पाणी ओतू नका, ती काच तडकू शकते.

आणि चाचणीत प्रेस निर्दोष ठरूनही कॉफी खवट लागली, तर दळायच्या यंत्राचं झाकण उघडा. बियांचं तेल आणि बारीक पूड तिथल्या कोपऱ्यांतही महिनोन्‌महिने बसते. यंत्राच्या आत पाणी घालू नका. प्लग काढून कोरड्या ब्रशने आणि मऊ फडक्याने पुसा, सुटे होणारे प्लास्टिकचे भाग तेवढे धुऊन पूर्ण वाळवा. कॉफीच्या डब्यात नवीन पाकीट ओतण्याआधी डबाही साबणाने धुवा. तळाला उरलेल्या चमचाभर जुन्या पुडीवरच नवी कॉफी ओतायची सवय जवळपास प्रत्येक घरात असते.